विमा दाव्याची तीन घड्याळे

पावसाळ्यात मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या घरी असे घडते. माणूस बरा होऊन घरी येतो. दवाखान्याच्या पिशवीत औषधे, एक्स-रे आणि बिलांचा गठ्ठा असतो. पॉलिसी आहे, हप्ता वेळेवर भरलेला आहे, रुग्णालयात रोख भरलेले पैसे परत मिळणार हेही ठाऊक आहे. तरी महिना-दीड महिन्यानंतर पत्र येते, ‘आवश्यक कागदपत्रे अपूर्ण.’ सगळी बिले पाठवली होती, मग अपूर्ण काय राहिले?

घरच्यांच्या हिशेबात कागद म्हणजे बिल. विमा कंपनीच्या हिशेबात बिल हा फक्त एक कागद, आणि तोही शेवटचा. त्याआधी तिला कळायला हवे असते की आजारी कोण होते, कशाने, कोणी भरती करायला सांगितले, कोणत्या रुग्णालयात आणि काय उपचार झाले. दाव्याची फाईल सातबाऱ्यावरच्या फेरफारांसारखी वाचली जाते. प्रत्येक नोंदीला आधीच्या नोंदीचा आधार लागतो आणि मधली एक नोंद सापडली नाही की पुढच्या सगळ्या नोंदींवर शंका येते.

पैसे आधी भरायचे की नंतर मागायचे

रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत असेल तर कंपनी परस्पर बिल भरते, त्याला सगळे कॅशलेस म्हणतात. यादीत नसेल, किंवा रात्री-बेरात्री मंजुरी मिळाली नाही, तर घरच्यांनी पैसे भरायचे आणि डिस्चार्जनंतर ते मागायचे. हा परताव्याचा, म्हणजे रिइम्बर्समेंटचा दावा. शहापूर आणि मुरबाडमधली अनेक रुग्णालये लहान आहेत आणि गंभीर रुग्णाला कल्याण, उल्हासनगर किंवा ठाण्याला न्यावे लागते. त्या घाईत रुग्णालय कोणाच्या यादीत आहे हे कोणी पाहत नाही आणि पाहायची ती वेळही नसते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा मार्ग वेगळा आहे. ती कॅशलेस चालते. त्यामुळे योजनेत बसणारा उपचार असेल तर पैसे भरून नंतर मागण्याऐवजी भरती होतानाच योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे नाव नोंदवायचे. राज्य सरकारी कर्मचारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक यांची वैद्यकीय देयके त्यांच्या कार्यालयामार्फत जातात, त्यांचे नियम निराळे. इथे खासगी किंवा सरकारी विमा कंपनीकडून घेतलेल्या पॉलिसीचीच गोष्ट आहे.

पॉलिसी शंभर प्रकारच्या असतात, म्हणून मुदती समजून घ्यायला एक आधार धरलेला बरा. ‘आरोग्य संजीवनी’ ही विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेली पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून उपलब्ध आहे. कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी तिच्या मुख्य अटी सारख्याच असतात. इतर अनेक पॉलिसींची कागदपत्रांची यादी साधारण अशीच असते. मुदती मात्र बदलतात. काहींत ३० दिवसांऐवजी १५ दिवसच मिळतात, आणि मुरबाड किंवा आसनगावच्या कारखान्यातल्या गटविम्यात कंपनीने ठरवलेली मुदत याहूनही वेगळी असू शकते. आपल्या पॉलिसीतले ‘क्लेम प्रोसीजर’ हे पान वाचल्याशिवाय कोणतीही तारीख गृहीत धरू नये.

एक उदाहरण, तारखांसह

समजा टोकावडे परिसरातल्या एका शेतकऱ्याला आवणीच्या दिवसांत, ३ जुलैच्या संध्याकाळी, बांधावर घोणस चावली. त्याच्या नावावर आरोग्य संजीवनीची तीन लाखांची पॉलिसी आहे. घरच्यांनी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेतले आणि ती न हलवता वीस मिनिटे ठेवली. नळी तिरकी केली तेव्हा रक्त गोठलेले नव्हते. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते, त्याची ही खूण. सर्पविषविरोधी लस सुरू झाली, लघवी कमी होते आहे असे दिसले आणि डॉक्टरांनी त्याला पुढे पाठवले. ४ जुलैला रात्री एक वाजता तो कल्याणच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाला. ९ जुलैला डिस्चार्ज मिळाला. बिल ९२ हजार रुपये, सगळे घरच्यांनी भरले.

इथे पहिले घड्याळ केव्हाच सुरू झालेले असते. तातडीच्या भरतीची सूचना कंपनीला भरतीपासून २४ तासांत किंवा डिस्चार्जच्या आधी, यांतले जे आधी येईल तोवर द्यायची असते. म्हणजे ५ जुलैच्या रात्री एकपर्यंत. शस्त्रक्रिया आधीच ठरलेली असेल तर भरतीच्या किमान ४८ तास आधी कळवायचे. सूचना म्हणजे मोठा अर्ज नव्हे. पॉलिसीच्या कार्डावरच्या क्रमांकाला फोन करायचा, रुग्णाचे नाव, पॉलिसी क्रमांक, रुग्णालय आणि कारण सांगायचे. तिकडून एक क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवायचा, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर चालतो. फोन लागत नसेल तर ईमेल किंवा मेसेज करावा, म्हणजे तारखेचा पुरावा आपल्या हाती राहतो.

दुसरे घड्याळ डिस्चार्जपासून चालते. मुख्य फाईल ३० दिवसांत पोहोचायला हवी, म्हणजे ८ ऑगस्टपर्यंत.

तिसऱ्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा त्याच आजाराचा खर्च ही पॉलिसी देते. आपल्या शेतकऱ्याच्या पायाला सूज आणि जखम होती. ड्रेसिंग, रक्ताच्या तपासण्या आणि औषधे धरून पुढे सहा हजार रुपये गेले. या बिलांची मुदत डिस्चार्जपासून मोजत नाहीत. डिस्चार्जनंतरचा उपचार संपल्यापासून १५ दिवस मिळतात. शेवटचे ड्रेसिंग २० ऑगस्टला झाले असेल तर ४ सप्टेंबरपर्यंत. उपचार पूर्ण ६० दिवस, म्हणजे ७ सप्टेंबरपर्यंत चालला तर २२ सप्टेंबरपर्यंत. मुख्य फाईल या बिलांसाठी अडवून ठेवायची नाही. ती ८ ऑगस्टच्या आत पाठवायची आणि उरलेली बिले त्याच दाव्याच्या क्रमांकावर मागून पाठवायची.

चौकट : उदाहरणातल्या तारखा (आरोग्य संजीवनीनुसार)
भरती : ४ जुलै, रात्री १
सूचना : ५ जुलै, रात्री १ पर्यंत
डिस्चार्ज : ९ जुलै
मुख्य फाईल, भरतीपूर्वीच्या ३० दिवसांतल्या खर्चासह : ८ ऑगस्टपर्यंत
नंतरच्या उपचारांची बिले : उपचार संपल्यापासून १५ दिवस, उशिरात उशिरा २२ सप्टेंबर

कोणता कागद कशासाठी

सुरुवात दाव्याच्या अर्जापासून. त्याचे दोन भाग असतात. भाग ‘अ’ विमेदाराने भरायचा आणि भाग ‘ब’ रुग्णालयाने. घोटाळा ‘ब’मध्ये होतो. त्यात रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, खाटांची संख्या, भरती आणि डिस्चार्जची वेळ, आजाराचे निदान हे सगळे रुग्णालयाने भरून सही-शिक्का द्यायचा असतो. डिस्चार्जच्या दिवशी हा कागद हातात नसेल तर त्या एका शिक्क्यासाठी टोकावड्याहून कल्याणला पुन्हा जावे लागते, आणि नेमके त्या दिवशी बिलिंगचा माणूस सुट्टीवर असतो. म्हणून भरतीच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा एजंटाकडून अर्ज छापून आणावा आणि बिल भरण्याआधी काउंटरवर द्यावा. पैसे भरून झाल्यावर ‘साहेब, एवढे पान भरून द्या’ म्हणत थांबण्यापेक्षा हे सोपे जाते.

खाटांचा आकडा का विचारतात? पॉलिसीत रुग्णालयाची व्याख्या असते. रुग्णालय स्थानिक यंत्रणेकडे नोंदणीकृत असावे, किंवा नोंदणी नसेल तर किमान निकष पूर्ण करणारे असावे : दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, त्याहून मोठ्या शहरात १५, चोवीस तास पात्र परिचारिका आणि डॉक्टर, शिवाय रोजच्या नोंदी. म्हणजे नोंदणी नसेल तर शहापूर-मुरबाडला १० खाटा चालतात, कल्याणला १५ लागतात. रुग्णालय सरकारी नोंदणीत असले तर नोंदणीचा आणि खाटांचा आकडा प्रमाणपत्रावर असतो. महाराष्ट्रात ही नोंदणी नर्सिंग होम नोंदणी कायदा, १९४९ खाली होते. लहान रुग्णालयातून डिस्चार्ज घेताना त्या प्रमाणपत्राची एक प्रत मागून ठेवली तर कंपनीचा एक प्रश्न आधीच सुटतो.

पुढचा कागद आहे भरतीचा सल्ला, म्हणजे रुग्णाला दाखल करा असे डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. आपल्या उदाहरणात ती ग्रामीण रुग्णालयातच तयार झाली. तिथल्या केस पेपरवर चावल्याची वेळ, नळीतल्या रक्ताच्या चाचणीचा निकाल, दिलेली लस आणि ‘पुढील उपचारांसाठी रेफर’ ही नोंद आहे. सरकारी उपचाराला पैसे लागले नाहीत म्हणून घरचे तो कागद फेकून देतात किंवा रुग्णवाहिकेतच विसरतात. साखळीची पहिली कडी मात्र तोच असतो. कल्याणच्या रुग्णालयात सर्पदंशाचा रुग्ण रात्री एकला का आला, याचे उत्तर त्याच कागदावर आहे. मूळ कागद कल्याणच्या डॉक्टरांनी घेतला असेल तर निदान मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो काढलेला असावा.

डिस्चार्ज समरी हा फाईलचा कणा. ती हातात मिळताच तिथेच बसून वाचावी. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला फोनवर फोटो पाठवून वाचून घ्यावी, पण रुग्णालय सोडण्याआधी. चार गोष्टी तपासायच्या : नाव, वय, भरती-डिस्चार्जची तारीख आणि पूर्वीच्या आजारांची नोंद. या शेवटच्या नोंदीत सर्वांत मोठा धोका असतो. रात्री भरती करताना डॉक्टर विचारतात, ‘शुगर आहे का?’ मुलगा सांगतो, ‘हो, पाच.’ त्याच्या मनात पाच महिने असतात आणि कागदावर पाच वर्षे लिहिली जातात. पॉलिसी घेतल्याला तीनच वर्षे झाली असतील तर कंपनी विचारणार, हा आजार आधी का सांगितला नाही? त्या क्षणी चूक दाखवली तर डॉक्टर सहीनिशी दुरुस्त करू शकतात. महिन्याने दुरुस्ती मागितली तर ती पैशांसाठी केल्यासारखी दिसते.

नावाचा घोळ तर घरोघरचा. आधार कार्डावर सासरचे नाव, केस पेपरवर माहेरचे. पॉलिसीत वडिलांचे नाव मधे, बिलावर फक्त नाव-आडनाव. गावात सगळे ज्या नावाने ओळखतात तेच नाव भरतीच्या वेळी सांगितले जाते. कंपनी ज्याचा दावा आहे त्याच्याच नावाचे कागद स्वीकारते. म्हणून भरतीच्या खिडकीवर तोंडी नाव न सांगता आधार कार्ड पुढे करावे. तरी फरक राहिलाच तर रुग्णालयाकडून ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे पत्र घ्यावे.

मग येतात बिले आणि पावत्या, आणि हे दोन वेगळे कागद आहेत. बिल सांगते की किती लागले. पावती सांगते की ते भरले. अंतिम बिलाला खोली, डॉक्टरांच्या भेटी, औषधे, तपासण्या अशी फोड हवी. ‘उपचार खर्च ९२,०००’ अशी एकच ओळ चालत नाही. भरतीच्या वेळी दिलेल्या २० हजारांची, मधल्या ४० हजारांची आणि शेवटच्या ३२ हजारांची अशा तिन्ही पावत्यांची बेरीज बिलाशी जुळली पाहिजे. औषधांच्या बिलांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली हवी, आणि बिल मेडिकलचे पक्के हवे. त्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि दुकानाचा परवाना क्रमांक असतो. वहीच्या पानावर लिहून दिलेले कच्चे बिल कुठेच लागू पडत नाही. तपासण्यांचे मूळ अहवाल आणि त्या सांगणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी यांची जोडीही अशीच ठेवावी.

खासगी रुग्णवाहिका केली असेल तर तिची पावती. आरोग्य संजीवनीत त्यासाठी एका भरतीला २,००० रुपयांपर्यंत मिळतात. पावतीवर रुग्णाचे नाव, तारीख, कुठून कुठे आणि गाडीचा क्रमांक असावा. १०८ ने गेल्यास खर्चच नसतो, त्यामुळे मागायचेही काही नसते.

शस्त्रक्रिया असेल तर ऑपरेशनची टिपणे किंवा सर्जनचे प्रमाणपत्र लागते. हाडात रॉड किंवा प्लेट बसवली असेल तर तिच्या खोक्यावरचे स्टिकर आणि तिचे बिल. कसारा घाटात किंवा माळशेजच्या वळणावर अपघात होऊन पाय मोडला, तर हे स्टिकर आणि रुग्णालयाची पोलिसांना कळवल्याची नोंद, म्हणजे एमएलसी, दोन्ही हवेत. एफआयआर झाली असेल तर तिची प्रत. सर्पदंशालाही अनेक रुग्णालये एमएलसी करतात. केली असेल तर तिची प्रत जोडायची. शेवटी रुग्णाचे ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश. चेकबुक नसेल तर नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी दिसेल असे पासबुकाचे पहिले पान चालते का, हे कंपनीला आधी विचारून घ्यावे.

किती मिळेल

आपल्या शेतकऱ्याचा हिशेब असा मांडता येईल. ९२ हजारांपैकी हातमोजे, फाईलचे पैसे असे न मिळणारे खर्च ४ हजार धरू. उरले ८८ हजार. रुग्णवाहिकेला २,५०० दिले होते, त्यातले २,००० धरले जातील. झाले ९० हजार. या पॉलिसीत प्रत्येक दाव्याचे ५ टक्के विमेदाराने सोसायचे असतात, म्हणजे ४,५०० वजा. खात्यात ८५,५०० येतील. नंतरच्या ६ हजारांच्या बिलांवर ५ टक्के वजा जाऊन ५,७०० मिळतील. खोलीचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेत आहे असे इथे धरले आहे. ते जास्त असते तर आकडा आणखी खाली आला असता.

हा हिशेब आधी करून ठेवला की मंजुरीचे पत्र आल्यावर कंपनीने काय कापले हे ओळीने तपासता येते.

पोच, त्रुटीपत्र आणि उशीर

फाईल पाठवण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स किंवा फोटो काढून ठेवावा, कारण मूळ प्रती परत मिळत नाहीत. शाखेत दिली तर यादीवर शिक्का आणि तारीख घ्यावी, टपालाने पाठवली तर स्पीड पोस्टची पावती जपावी. दोन पॉलिसी असतील, म्हणजे कारखान्याची आणि स्वतःची, तर मूळ कागद पहिल्या कंपनीकडे द्यायचे. तिने दावा निकाली काढला की तिच्या पत्रासह तिने प्रमाणित केलेल्या प्रती दुसरीकडे द्यायच्या.

फाईल बहुतेक वेळा कंपनीच्या हातून टीपीएकडे जाते. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणारी त्रयस्थ संस्था. तिला काही कमी वाटले तर त्रुटीपत्र येते. अनेकदा रुग्णालयातल्या रोजच्या नोंदी, म्हणजे आयसीपी, मागितल्या जातात. नाडी, रक्तदाब, औषधांच्या वेळा, परिचारिकेच्या सह्या असलेली ती पाने रुग्णालयात राहतात, घरच्यांकडे येत नाहीत. ती मागण्यासाठी रुग्णालयाला लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी. त्रुटीपत्रात दिलेल्या तारखेच्या आत उत्तर जायलाच हवे. कागद अजून मिळाला नसेल तरी ‘मागितला आहे, अर्जाची प्रत सोबत’ असे कळवावे. गप्प राहिले की फाईल बंद होते. सगळे कागद पोहोचल्यावर परताव्याचा दावा १५ दिवसांत निकाली काढायचा, असे आयआरडीएआयने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे.

आणि मुदत चुकलीच तर? लोक इथे हार मानतात, ते चूक आहे. उशिराला विमेदाराच्या हाताबाहेरचे खरे कारण असेल तर तो माफ करता येतो, असे पॉलिसीतच लिहिलेले असते. फक्त उशीर झाला म्हणून खरा दावा सरसकट नाकारू नये, असे नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. फाईलसोबत एका पानाचे पत्र जोडावे. ‘काही कारणास्तव उशीर झाला’ असे मोघम लिहून उपयोग नाही. कोणत्या तारखेला काय घडले ते लिहावे. रुग्णालयाने डिस्चार्ज समरी कधी दिली, रस्ता बंद होता का, रुग्ण पुन्हा भरती झाला का, आणि त्याचा कागद सोबत आहे का.

दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. कंपनीने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पण तिथेही मुदत आहेच : कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्ष. आयआरडीएआयच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.